गोरक्षनाथ मच्छिंद्र गर्जे, वर्ष पहिलं

त्या दिवशी मी स्टेजवर चढलो तोच रागात. उगाच 'मनात संमिश्र भावना होत्या' वगैरे लिहिणार नाही. संमिश्र काही नव्हतं. समोर एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची, सगळी पोरं बसली होती, पहिल्या रांगेत आमचे विभागप्रमुख हेमचंद्र सर बसले होते, आणि मला त्यांच्याच कौतुकाचं भाषण करायचं होतं.

आमच्या विभागात अशी पद्धत आहे. दर वर्षी टीवायच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, एका विद्यार्थ्याने नव्या पोरांना एखादा विषय सोप्या भाषेत सांगायचा. यंदाचा विषय नोएसक्यूएल डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायची एक पद्धत, आणि वक्ता मी. उदाहरण म्हणून सरांनी बनवलेलं विभागाचं अ‍ॅप दाखवायचं, असा हुकूम होता. त्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती असते: वर्ष, मोबाईल, हॉस्टेल, लायब्ररी, सगळं. सर त्याच्याबद्दल बोलायला लागले की जेवायची सुट्टी संपते.

याच अ‍ॅपने माझी वाट लावली होती. सुप्याच्या एमआयडीसीतली एक कंपनी त्याच दिवशी दुपारी कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होती. कारखान्यातल्या मशीनचा डेटा सांभाळायला त्यांना नवी पोरं हवी होती. मी वर्षभर त्याच कामाचा अभ्यास केला होता. सुपा म्हणजे नगरपासून एसटीने जाऊन-येऊन करता येणारी नोकरी. पुण्यात कॉट बेसिसवर राहायला नको, की गावाकडे तोंड लपवून परत जायला नको. आणि पात्र विद्यार्थ्यांच्या यादीत माझं नावच नव्हतं.

आदल्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली, डोळ्यांसमोरून माशी जावी तितका वेळ.

"हे बघ. गर्जे गोरक्षनाथ मच्छिंद्र. वर्ष पहिलं. फॉर्म भरताना तू चुकीचं वर्ष टाकलंस, आता माझ्या नावाने कशाला ओरडतोस?"

"सर, मी तिसरंच टाकलं होतं."

"सिस्टिममध्ये जे आहे तेच मी मानतो. तुम्ही मुलं बेफिकीर असता आणि मग रडत येता. आणि हो, उद्याचं भाषण नीट कर. अ‍ॅपची स्लाइड विसरू नकोस."

मला बेफिकीर म्हणाले. मला! माझ्या भाड्याच्या खोलीतला पार्टनर फॉर्म भरताना स्पेलिंग मला विचारतो. रात्री जेवण गेलं नाही. भाषण सोडून द्यावं असंही वाटलं, पण प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. मग म्हटलं, करू. पण कौतुकाचा एक शब्द ओठांतून निघाला तर विचारा.

तर मी माईक हातात घेतला. माझ्या वर्गातली रुचा माझ्या लॅपटॉपवर बसली होती, स्लाइड पुढे सरकवायला. तिने माझं तोंड बघून हळूच सांगितलं, "गोरक्ष, हस जरा. पोरं घाबरतील."

मी काही हसलो नाही, पण विषय मला आवडतो, त्यामुळे पाच वाक्यांत गाडी रुळावर आली. मी म्हणालो, "नोएसक्यूएल म्हणजे एसक्यूएलला विरोध नाही. 'फक्त एसक्यूएलच नाही, आणखीही काही आहे' असा त्याचा अर्थ घ्यायचा. तुम्ही आत्ता शिकताय ते एसक्यूएलचं टेबल म्हणजे मेसचं ताट. भाजीचा खण, आमटीचा खण, भाताचा खण. सगळ्यांना तेच खण. एखाद्याला भात नको असला तरी खण रिकामा राहतो, आणि कुणी घरून लोणचं आणलं तर ठेवायला जागा नाही. नोएसक्यूएलचा एक प्रकार, डॉक्युमेंट डेटाबेस, म्हणजे ज्याचा त्याचा डबा. कुणाच्या डब्यात तीन पदार्थ, कुणाच्या सहा. हॉस्टेलवाल्याच्या डब्यात खोलीचा नंबर असेल, नगरमध्येच राहणाऱ्याच्या डब्यात तो रकानाच नसेल. चालतं."

पोरं ऐकत होती. मागून कुणीतरी "लोणचं कशाचं?" असं विचारलं, हशा झाला. मीही जरा सैल झालो.

"पण डबे हजारो झाले की आपला डबा सापडायचा कसा? शिर्डीला गेलात ना सगळे? मंदिरात जायच्या आधी बॅग काउंटरवर देतो. तो माणूस टोकन देतो. बॅगेत काय आहे ते तो बघत नाही. परत आल्यावर टोकन द्यायचं, तीच बॅग मिळते. नोएसक्यूएलचा सगळ्यात साधा प्रकार हाच. टोकन म्हणजे 'की', किल्ली; बॅग म्हणजे 'व्हॅल्यू', आतला माल. की दिली की व्हॅल्यू मिळते, लगेच, सगळ्या बॅगा उघडून बघाव्या लागत नाहीत. डॉक्युमेंट डेटाबेसमध्येही प्रत्येक डब्याला अशी एक की असतेच. फरक इतकाच की तिथे डब्याच्या आत काय आहे यावरूनही शोधता येतं. 'ज्यांचं वर्ष तिसरं आहे असे सगळे डबे काढ' असंही म्हणता येतं."

इथे रुचाने सरांच्या अ‍ॅपची स्लाइड लावली. ती सरांनीच करून दिली होती. वर मोठ्या अक्षरात: 'की: विद्यार्थ्याचं पूर्ण नाव. वाचायला सोपी.' खाली: 'एकच कमांड. नोंद असेल तर बदला, नसेल तर नवीन करा.' सर खुर्चीत जरा ताठ बसले.

मी ती स्लाइड सकाळी नुसती चाळली होती. आता ती भिंतीएवढी समोर होती. तरीही डोक्यात काही आलं नाही, रागाने डोकं बंदच होतं. मी म्हणालो, "आपण आत्ता इथेच करून बघू. माझ्या लॅपटॉपवर एक छोटा डेटाबेस आहे. पहिली नोंद माझी टाकतो." आणि रुचाच्या बाजूने वाकून, स्लाइडच्या शेजारी छोटी खिडकी उघडून टाकली. गर्जे गोरक्षनाथ मच्छिंद्र, वर्ष तिसरं. "आता तुमच्यातला एक जण. हा, तू, निळ्या शर्टवाला. पूर्ण नाव सांग."

पोरगा उभा राहिला. काडीसारखा, केस पाण्याने चापून बसवलेले. शेजारच्यांनी ढोसलं तेव्हा लाजत म्हणाला, "दादा, माजं नाव बी त्येच हाय."

"काय तेच?"

"गोरक्षनाथ मच्छिंद्र गर्जे."

सगळा हॉल हसला. मीही हसणार होतो. आमच्या पाथर्डी तालुक्यात यात नवल काही नाही. एकीकडे मढी, दुसरीकडे मायंबा, नाथांचीच जागा. बापाचं नाव मच्छिंद्र असलं की मुलाचं गोरक्षनाथ ठेवायला आजी पत्रिका बघत नाही, गुरूच्या पाठीमागे शिष्य येणारच. गर्जे तर गावोगाव. माझ्या शाळेत आम्ही या नावाचे दोघे होतो, मास्तर आम्हाला 'वरच्या आळीचा' आणि 'खालच्या आळीचा' म्हणायचे.

म्हणून मी हसणार होतो. आणि मग हात कीबोर्डवर तसाच राहिला. मी परत वर भिंतीकडे बघितलं. की: पूर्ण नाव. नोंद असेल तर बदला.

"गाव कुठलं तुझं?" मी विचारलं.

"करंजीकडचं. आता हितं हॉस्टेलला. तुमचं?"

"माणिकदौंडी. मला सांग, तुला मोबाईलवर लायब्ररीचे मेसेज येतात?"

"येत्यात की!" तो एकदम बोलता झाला. "पुस्तक परत करा म्हून येत्यात. मी तर अजून कार्ड बी काढलं न्हाई. लायब्ररीत गेल्तो सांगायला, तर त्ये मलाच रागावले."

ते पुस्तक माझ्या खोलीत गादीखाली होतं. मला कधीच मेसेज आला नव्हता.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. कालपासून मी स्वतःवरच संशय घेत होतो. फॉर्म भरताना खरंच बोट घसरलं असेल का, असं शंभरदा मनात घोळवलं होतं. आणि केबिनमध्ये मला बेफिकीर म्हणणारा माणूस पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता.

मी माईक तोंडाशी धरला. "सगळ्यांनी स्क्रीनकडे बघा. आता याची नोंद टाकतो. त्याच कमांडने, सरांच्या स्लाइडवर आहे त्याच." टाकली. गर्जे गोरक्षनाथ मच्छिंद्र, वर्ष पहिलं, हॉस्टेल हो. "आता किती नोंदी व्हायला हव्यात?"

"दोन!" पोरं ओरडली.

मी मोजायची कमांड दिली. एक.

पहिल्या वर्षाची पोरं, डेटाबेस हा शब्द त्यांनी दोन महिन्यांपूर्वी ऐकलेला, पण त्यांना कळलं. एक मुलगी पुढच्या बाकावरून म्हणाली, "मग तुम्ही कुठे गेलात?"

"मला पुसलं," मी म्हणालो. "एरर आला नाही, कुणी विचारलं नाही, काही नाही. ऑगस्टमध्ये याने हॉस्टेलसाठी फॉर्म भरला, आणि त्या दिवशी मी या कॉलेजातून गेलो. आज दुपारच्या यादीत मी नाही, कारण माझ्या नावाखाली हा बसलाय. यात याची काहीच चूक नाही."

हेमचंद्र सर उठले. "गर्जे, भाषण विषयावर ठेव. मुलांनो, नोएसक्यूएलचे हे तोटे असतात. एसक्यूएल वापरलं असतं तर असं झालं नसतं."

आणि इथे माझा तोल गेला. माझ्यावर ढकललं तेव्हा मी गप्प बसलो होतो. आता बिचाऱ्या डेटाबेसवर ढकलायला लागले.

"सर, हे खोटं आहे. डेटाबेसने सांगितलं तेच केलं. तुम्ही 'असेल तर बदला' सांगितलं, त्याने बदललं. एसक्यूएलमध्येही हीच कमांड दिली असती तर हेच झालं असतं. आणि इथेही नुसतं 'नवीन नोंद टाक' म्हटलं असतं, तर 'ही की आधीच आहे' म्हणून डेटाबेस अडला असता. बघा." मी त्याच नावाने नवीन नोंद टाकून दाखवली. लाल अक्षरांत एरर आला. एवढ्या प्रेमाने मी कधी एररकडे बघितलं नसेल. "शिर्डीच्या काउंटरवरचा माणूस नाव विचारत नाही, टोकन देतो. का? कारण नाव दोघांचं असू शकतं. तुमच्या ओळखीत हेमचंद्र एकच असेल सर, म्हणून तुम्हाला वाटलं नाव पुरेल. आमच्याकडे गोरक्षनाथ हाकेला तीन येतात."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. रुचाने डोळ्यांनी 'बस कर' अशी खूण केली. मी बस केलं नाही. "युनिव्हर्सिटी प्रत्येकाला पीआरएन नंबर देते, तो दोघांना एक नसतो. की म्हणून तोच ठेवायचा."

सर लाल झाले होते. पण समोर एवढी पोरं, टाळ्या ऐकलेली. त्यांनी आवाज मऊ केला. "अरे, एवढं काय त्यात. यादी एक वाजता जायची आहे, आत्ता दुरुस्त करू. चल." ते स्टेजवर आले, रुचाला उठवलं, अ‍ॅप उघडलं. नाव शोधलं. भिंतीवर नोंद आली: वर्ष पहिलं, मोबाईल कुणाचातरी, हॉस्टेल हो, खोली तळमजला. सरांनी 'पहिलं' खोडून 'तिसरं' केलं, हॉस्टेलचा रकाना काढून टाकला, मला मोबाईल नंबर विचारला. "झालं. सेव्ह करतो. खूश?"

मी नंबर सांगायला तोंड उघडलं, आणि समोर तो उभाच होता, निळ्या शर्टातला. भिंतीवर स्वतःची खोली खोडली जाताना बघत होता.

"सर, थांबा. ही नोंद त्याची आहे."

"मग?"

"त्याचं काय?"

"तो परत भरेल."

"त्याने परत भरलं की मी परत जाईन. त्याने नाही भरलं तर हॉस्टेलला त्याची नोंदच राहणार नाही. रेक्टर याच अ‍ॅपवरून खोल्या बघतात, आणि वेटिंगवाले दारात उभे आहेत."

तो पोरगा मधेच बोलला, "दादा, करा ना तुमी. माजं बघू नंतर."

"घरी कोण असतं तुझ्या?" मी विचारलं.

"आता कोन न्हाई. दिवाळीनंतर कारखान्याला गेले सगळे, ऊसतोडीला. घराला कुलूप हाय."

मी सरांना म्हणालो, "सर, ही राहू द्या. माझी दुसरी नोंद करा, पीआरएन की देऊन. यादी वर्षावरून निघते, मी त्यात येईन. दोन मिनिटांचं काम आहे."

"चालू सिस्टिममध्ये असले जुगाड करायचे नाहीत. बाकीचं अ‍ॅप नावावरून चालतं, सगळं बिघडेल. बदल करायचा तर नीट, सावकाश. आत्ता एवढंच होऊ शकतं." सरांचं बोट सेव्हवर होतं. "बोल लवकर. तुझ्यासाठी करतोय मी हे."

माझ्यासाठी! त्यांची चूक, आणि किंमत कोण देणार, तर कुलूप लावलेल्या घरातलं पोरगं, आणि वर उपकार माझ्यावर. मला नोकरी हवी होती. आत्ताही लिहिताना हवीच आहे. मी त्या बोटाकडे बघत राहिलो, आणि मनात म्हटलं, दाबू दे, मी काही दाबत नाहीये. हो, म्हटलं. मग त्याच मनाची एवढी चीड आली की मी लॅपटॉपच बंद केला. सरांचं बोट वाचलं, थोडक्यात.

"नको सर. पुसून जागा करायची असेल तर नको."

"मग मी काही करू शकत नाही," म्हणून सर निघून गेले. यादी एक वाजता गेली.

कुणी म्हणेल, मग स्वतः का नाही गेलास? गेलो होतो. कंपनीच्या मॅडम चांगल्या होत्या, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "कॉलेजच्या यादीत नाव असेल तरच घेता येतं, सॉरी." मी बाहेर पायरीवर बसलो. माझ्या वर्गातली पोरं एकेक करून इस्त्रीच्या शर्टात आत जात होती, आणि माझ्याकडे न बघायचा प्रयत्न करत होती.

दुसऱ्या दिवशी मी भिंगारला मावशीकडे होतो. जेवताना विभागाच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला: 'विभागाची सिस्टिम अपग्रेड केली आहे. यापुढे नोंदी पीआरएन क्रमांकाने राहतील. सहकार्याबद्दल धन्यवाद.' खाली नमस्कारांची रांग लागली. अपग्रेड! एका रात्रीत नीट झालं होतं, जे दोन मिनिटांत होत नव्हतं. मी हातातला घास परत ताटात ठेवला. मावशी म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय का?"

रुचाचा फोन आला. "लिही ना काहीतरी. तू नाही लिहिलंस तर कोण लिहिणार?"

"काय लिहू? प्रॅक्टिकल त्यांच्याकडेच आहे. नोकरी गेली, आता पासही व्हायचं नाही का?"

"मग काल एवढा कशाला ओरडलास?" म्हणून तिने फोन ठेवला. राग आला तिचा, कारण बोलली ते खरं होतं.

थोड्या वेळाने ग्रुपवर एक मेसेज पडला. नाव माझंच, नंबर माझा नाही. 'सर, गोरक्षनाथ दादांची मुलाखत आता कधी?' मग तो मेसेज गेला, जागी एक ओळ राहिली, अ‍ॅडमिनने डिलीट केला म्हणून. मिनिटभराने तोच मेसेज परत आला. परत गेला. परत आला.

मी त्याला फोन लावला. "येडा झाला का? गप बस. हॉस्टेल जाईल तुझं."

"जाऊ द्या," तो म्हणाला. "तुमी माज्यासाठी मुलाकत सोडली आन् मी खोलीला भिऊ व्हय? तुमी लिवा न्हाईतर नका लिवू. मी लिवणार."

एफवायचा पोरगा. कालपर्यंत त्याला डेटाबेस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी त्याला काय सांगणार होतो, की मला प्रॅक्टिकलची भीती वाटते म्हणून?

मी ताट बाजूला सारलं आणि टाइप केलं: 'सर, मी गोरक्षनाथ मच्छिंद्र गर्जे, टीवाय. तुमच्या चुकीने माझी मुलाखत गेली. ती परत कधी?' आणि पाठवला. आता ग्रुपवर एकाच नावाचे दोन मेसेज एकाखाली एक उभे आहेत. कुठला पुसायचा ते सरांनी ठरवावं.